सूचना वाचून मूल पोचले पाहिजे

आठवीच्या घटक चाचणीत मी सूचनालेखनाचा प्रश्न टाकला होता. पाच गुणांचा. मुद्दे असे दिले होते : शाळेची सहल, सेवाग्राम आश्रम, शनिवार १७ जानेवारी, शुल्क १५० रुपये, नावनोंदणी. एवढ्यावरून सूचनाफलकावर लावण्याजोगी सूचना तयार करायची.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना हा प्रश्न आवडतो, कारण निबंधासारखी पानभर मराठी लिहावी लागत नाही. मलाही आवडायचा, कारण तपासायला सोपा. 'सूचना' हे शीर्षक आहे का, शाळेचे नाव आहे का, दिनांक आहे का, खाली मुख्याध्यापकांची सही आहे का, एवढे बघितले की लाल पेन चालू. चाळीस उत्तरपत्रिका मगरिब आणि इशाच्या मध्ये उरकायच्या.

त्यात दोन उत्तरपत्रिका पाठोपाठ आल्या. पहिली एका हुशार मुलाची. पट्टी लावून चौकट आखलेली, अक्षर छापल्यासारखे. मजकूर साधारण असा : "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, आपल्या शाळेची शैक्षणिक सहल शनिवार, दि. १७ जानेवारी रोजी ऐतिहासिक सेवाग्राम आश्रम येथे जाणार आहे. सहलीमुळे विद्यार्थ्यांच्या ज्ञानात भर पडते. सहलीचे शुल्क १५० रुपये आहे. तरी सर्वांनी नावनोंदणी करून मोठ्या संख्येने सहभागी व्हावे." खाली मुख्याध्यापक. शुद्धलेखनाची चूक शोधून सापडली नाही. मी साडेचार दिले.

दुसरी एका मुलीची. चौकट नाही. 'सुचना', 'विद्यार्थि', 'आश्रमात जानार'. दिनांक वरच्या ऐवजी खाली सहीजवळ. वाक्ये तुटक : आठवी आणि नववीची सहल. शनिवार १७ जानेवारी. सकाळी ७ ला शाळेच्या फाटकाजवळ जमायचे. बस साडेसातला निघणार. संध्याकाळी ५ ला परत. १५० रुपये वर्गशिक्षकांकडे १३ तारखेपर्यंत. अम्मी-अब्बांची सही असलेली चिठ्ठी पाहिजे. डबा आणि पाण्याची बाटली घेणे. मी दोन दिले. 'अम्मी-अब्बा'खाली रेघ मारून 'पालक' असे लिहिले, आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली.

या दोन गुणांमुळे तिची बेरीज वीसपैकी सहा झाली. उत्तीर्ण व्हायला सात लागतात. मराठीत ती आधीच्या दोन्ही चाचण्यांत राहिली होती.

पेपर वाटले त्या दिवशी मी नमुना म्हणून पहिले उत्तर वर्गात वाचून दाखवले. वाचून झाल्यावर कौतुकाने विचारले, "कशी वाटली?" मागच्या बाकावरून तीच मुलगी म्हणाली, "सर, ये पढ के जाना कब है? कितने बजे?"

तो मुलगा लगेच म्हणाला, "वो तो सबको मालूमच रहता है!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तरपत्रिका हातात तशीच राहिली. खरोखर, ही सूचना वाचून कोण सहलीला पोचले असते? किती वाजता जमायचे ते नाही, कुठे जमायचे ते नाही. पैसे कोणाकडे द्यायचे, केव्हापर्यंत द्यायचे, कुठल्या वर्गांची सहल आहे, काहीच नाही. आणि जी मुलगी माझ्या हिशेबाने नापास होती, तिची सूचना वाचून पहिलीतला धाकटा भाऊसुद्धा मोठ्या भावाला फाटकाशी आणून सोडू शकला असता.

खरी गोम प्रश्नात असते. परीक्षेच्या प्रश्नात जे मुद्दे छापलेले असतात तो अर्धाच तपशील असतो. उरलेला अर्धा विद्यार्थ्याने स्वतः घालायचा असतो, आणि तो मुद्दाम सोडलेला असतो. माझ्या प्रश्नात वेळ आणि जमण्याचे ठिकाण नव्हते. नावनोंदणीची मुदत नव्हती. 'नावनोंदणी' एवढा शब्द दिला होता, म्हणजे कोणाकडे आणि कधीपर्यंत हे परीक्षार्थीने ठरवायचे. पहिल्या मुलाने माझा प्रत्येक मुद्दा नीट वाक्यात बसवला आणि तिथेच थांबला. मीसुद्धा तपासताना प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून टिकमार्क करत गेलो, मुद्दे आले की गुण. आम्ही दोघेही एकच चूक करत होतो.

त्या संध्याकाळी ते चाळीस पेपर मी पुन्हा घेतले आणि पद्धत बदलली. आता पहिल्या वाचनात पेनाचे टोपण काढायचे नाही. समजायचे की आपण त्या शाळेत काल दाखल झालेला विद्यार्थी आहोत, आपल्याला कोणी काही सांगितलेले नाही, फलकासमोर उभे आहोत. वाचून झाल्यावर मनात काही विचारावेसे वाटले, तर तो तपशील राहिला. बस, एवढेच. त्यानंतर पेन उघडून आराखडा बघायचा.

आराखड्यालाही अर्थ आहेच, तो उडवून लावू नये. शाळेचे नाव वर असते कारण सूचना कोण देते आहे हे आधी कळले पाहिजे. खाली सही आणि हुद्दा असतो, कारण हुद्द्याशिवाय कागद फलकावर लागला तर तो कोणीही लावलेला असू शकतो. मात्र दिनांक डावीकडे की उजवीकडे यावर मी गुण कापत नाही. आमची मुले सकाळी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि दुपारी डावीकडून उजवीकडे, त्यांचा दिनांक कधी या कोपऱ्यात असतो तर कधी त्या. तो आहे ना, मग झाले. चौकटीचेही तसेच. सीबीएसईच्या इंग्रजी पेपरात नोटीस चौकटीत आणि पन्नास शब्दांत मागतात, ते बघून आमच्या मुलांनी चौकट उचलली. काढली तर चांगली दिसते, नाही काढली म्हणून सूचना बिघडत नाही.

सहीबद्दल एक सांगायला हवे. मुले 'सही' म्हटले की स्वतःचीच सही ठोकतात, कधी नावासकट. बोर्डाच्या पेपरात हे चालत नाही. उत्तरपत्रिकेतून आपली ओळख पटेल असे काही लिहायचे नसते. म्हणून प्रश्नात नाव दिले असेल तर तेच घ्यायचे, नसेल तर 'अ. ब. क.' आणि खाली हुद्दा. घटक चाचणीपासून सवय लावलेली बरी.

आराखड्यात ज्या गोष्टीवर मी आता खरोखर डोळा ठेवतो, ती म्हणजे तारखांचा क्रम. अशा सूचनेत तीन तारखा येतात : सूचना लावल्याची, नावनोंदणीच्या मुदतीची आणि कार्यक्रमाची. त्या याच क्रमाने पुढे गेल्या पाहिजेत. चाळीसपैकी सात जणांची सूचना १७ तारखेच्या सहलीसाठी २० तारखेला निघाली होती, कारण चाचणी २० तारखेला होती आणि मुलांनी फळ्यावरचा दिनांक उतरवला होता. एकाने शुल्क भरण्याची मुदत सहलीच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. वरवर पाहिले तर आराखडा पूर्ण : शीर्षक आहे, दिनांक आहे, मुदत आहे. टिकमार्कने तपासले तर पैकीच्या पैकी. तीन तारखा एकाखाली एक ठेवून बघितल्या तर उत्तर कोसळते.

मग गुण कसे द्यायचे? मी असे धरले : आराखड्याला एक, तपशिलाला दोन आणि सूचनेचा हेतू साधला का, भाषा फलकाजोगी आहे का याला दोन. 'सहलीमुळे ज्ञानात भर पडते' हे वाक्य निबंधाचे. त्याने कोणाला काही करायला सांगितलेले नाही, उलट कामाची जागा खाल्ली. त्या मुलाचे साडेचारवरून तीन झाले. मुलीला आराखड्यात अर्धा, तपशिलात पूर्ण दोन, शेवटच्या भागात शुद्धलेखनामुळे एक. एकूण साडेतीन. बेरीज साडेसात. 'अम्मी-अब्बां'खालची रेघ मात्र मी तशीच ठेवली, कारण फलकावर 'पालक' हाच शब्द हवा; कोणाचे अब्बा नसतात, कोणी मामूंकडे राहते.

मुलाचे वडील शाळेत आले होते. दिलेले गुण कमी कसे होतात, हा त्यांचा सवाल. मी त्यांना सूचना वाचायला दिली आणि म्हटले, यावरून पोराला सहलीला पाठवा. त्यांनी दोनदा वाचली. "टाइम नहीं लिखा इसने," म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

आता स्वतःचे सांगतो, कारण मुलांवर लाल पेन चालवणाऱ्याने ते सांगितलेच पाहिजे. काही वर्षांपूर्वी पालक सभेची सूचना मीच लिहिली होती, उर्दूत आणि मराठीत. उर्दूत लिहिले, इतवार को बाद नमाज-ए-जुहर. मराठीत त्याचेच केले, 'रविवारी जुहरच्या नमाजनंतर'. मला वाटले, आपल्या वस्तीत याहून स्पष्ट वेळ कुठली असणार?

रविवारी काय झाले? वस्तीतल्या एका मशिदीत जुहरची जमात दीडला, दुसरीत दोनला. काही पालक पावणेदोनला येऊन बाहेर उभे. काही अडीचला आले तोवर अर्धी सभा झालेली. आया घरी नमाज पढतात, त्यांची वेळ त्यांची स्वतःची. आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांना, ते बिचारे गणपतीपुढे अगरबत्ती लावून कामाला येणारे, कुलूप केव्हा उघडायचे तेच कळेना. त्यांनी मला फोन करून विचारले, "सर, तुमची ती नमाज सुटते किती वाजता?" माझ्या सूचनेत आराखडा होता, भाषा दोन-दोन होत्या आणि वेळ मात्र नव्हती. तेव्हापासून मुलांना सांगतो, जुहर लिहा, असर लिहा, हिजरी तारीख लिहा, हरकत नाही, पण शेजारी घड्याळ आणि कॅलेंडरही लिहा.

सूचनेचा सगळा कारभार होण्याआधीचा. अहवाल होऊन गेल्यानंतरचा. राज्य मंडळाच्या बारावीच्या मराठी युवकभारतीत उपयोजित मराठीच्या भागात मुलाखत, माहितीपत्रक आणि वृत्तलेखाबरोबर अहवाल आहे. तो शिकवायला मी आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली. नई तालीम जिथून निघाली ती परिषद. मुलांना मी तपशील देतो आणि म्हणतो, शाळेसाठी अहवाल लिहा.

बहुतेक अहवाल दोन तऱ्हेने चुकतात. काही मुले दहावीच्या बातमीचाच साचा घेऊन येतात, वर 'आमच्या वार्ताहराकडून' आणि लगेच चटपटीत मथळा. बातमी अनोळखी वाचकाला थोडक्यात सांगते. अहवाल मात्र संस्थेच्या दफ्तरात राहतो आणि उद्या कोणी विचारले की काय ठरले होते, तर तो काढून बघतात. त्यामुळे त्यात बोलावले कोणी, अध्यक्ष कोण, चर्चा कशावर, ठरले काय, पुढचे काम कोणाकडे दिले, हे क्रमाने यावे लागते, आणि शेवटी अहवाल लिहिणाऱ्याचे नाव-हुद्दा. दुसरी चूक अशी : 'गांधीजींनी सुंदर भाषण केले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम अतिशय उत्साहात पार पडला.' यात परिषद कुठे आहे? अध्यक्षाचे नाव बदलले तर हाच मजकूर आमच्या स्नेहसंमेलनालाही चालेल. तपासताना मी ही एक कसोटी लावतो : नावे आणि तारखा झाकायच्या आणि उरलेला मजकूर दुसऱ्या कार्यक्रमाला लागू पडतो का ते बघायचे. पडत असेल तर तपशिलाचे गुण नाहीत.

या परिषदेत ठराव झाले ते चार. देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. या सगळ्या काळात शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे, या गांधीजींच्या सूचनेला पाठिंबा. आणि चौथे, अशा शिक्षणातून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघू शकेल अशी परिषदेला अपेक्षा आहे. मग योजना आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत ख्वाजा गुलाम सय्यदैन होते, विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला आणि जे. सी. कुमारप्पाही होते. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, आपला अहवाल दिला.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने चारही मुद्दे घेतले, क्रम बरोबर, अक्षर चांगले. चौथा मुद्दा त्याने असा लिहिला : 'मुलांनी बनवलेल्या वस्तू विकून शिक्षकांचा पगार द्यायचा असे ठरले.' मी तिथे थांबलो. परिषदेने तसे ठरवले नव्हते, तशी अपेक्षा व्यक्त केली होती, तीही 'हळूहळू' हा शब्द घालून. शिक्षणाने आपला खर्च आपण भागवावा, या मुद्द्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. अहवालात 'ठरले', 'सुचवले', 'अपेक्षा व्यक्त केली', 'चर्चा झाली' ही क्रियापदे एकमेकांच्या जागी टाकता येत नाहीत. पंचायतीत असे लिहिले तर उद्या कोणी त्यावर पैसे मागेल. तपासताना प्रत्येक मुद्द्याचे क्रियापद मी आता गोल करून बघतो. या मुलाचा एक गुण तिथे गेला, आणि त्याने वाद घातला नाही. उलट विचारले, "सर, फिर नामंजूर करनेवाले भी होंगे ना?"

होते. स्वतः झाकिर हुसेन साहेबांनीच परिषदेत आपल्या शंका बोलून दाखवल्या होत्या, आणि तरी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. चांगल्या अहवालात ही बाजूही एका वाक्यात यायला हवी. पाठ्यपुस्तकात अहवालाच्या गुणांत निःपक्षपातीपणा म्हणून सांगितला आहे, तो यात असतो. मुले तो शब्द पाठ करतात आणि अहवालात एकही विरोधी मत लिहीत नाहीत.

उर्दूच्या तासाला यात आणखी एक पेच येतो. उर्दूत रूदाद वेगळी आणि रिपोर्ताज वेगळा. कृष्ण चंदरांनी हैदराबादच्या १९४५ च्या तरक्कीपसंद लेखकांच्या परिषदेवर 'पौदे' लिहिले, तो रिपोर्ताज : लेखक स्वतः त्यात आहे, रेल्वेचा डबा आहे, माणसांच्या लकबी आहेत. आमचा एक मुलगा अहवाल म्हणून नेमके तसले लिहून आला. सेवाग्रामच्या सहलीचा अहवाल मागितला होता, याने बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर दुपारचे ऊन कसे सरकते ते लिहिले. किती विद्यार्थी गेले, सोबत कोणते शिक्षक होते, केव्हा परतलो, काही नाही. वाचून मी पान उलटे ठेवले आणि थोडा वेळ बसून राहिलो. मग पाचपैकी दीड दिला आणि खाली लिहिले, हे शाळेच्या वार्षिकांकाला दे. त्याला राग आला. अंकाला मात्र त्याने दिले, आणि ते छापून आले.

यंदाच्या पालक सभेची सूचना मी लिहिली तेव्हा फलकावर लावण्याआधी आठवीच्या वर्गात नेली. त्या मुलीला बोलावले आणि म्हटले, तपास. तिने माझे लाल पेन घेतले, पण टोपण काढले नाही. उभ्याउभ्या वाचली. शाळेचे नाव, दिनांक, रविवार, दुपारी अडीच वाजता, कंसात जुहरनंतर, इयत्ता आठवी ते दहावीचे पालक, विषय, सही. मग पेन उघडून एका ओळीखाली रेघ मारली.

"सर, मीटिंग स्कूल में है वो तो ठीक," ती म्हणाली, "लेकिन कौन से कमरे में?"